साडेबारा लॅपचे गणित

पाच किलोमीटरची शर्यत ट्रॅकवर झाली, तर चारशे मीटरचे साडेबारा लॅप धावावे लागतात. शर्यतीच्या एकूण सेकंदांना साडेबाराने भागले, की एका लॅपची सरासरी वेळ मिळते. हा भागाकार तोंडी करायची एक सोपी रीत आहे: एकूण सेकंदांना आठने गुणायचे आणि शंभराने भागायचे. ज्या धावपटूने पाच किलोमीटर २१ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण केले, त्याचे एकूण सेकंद १३०० होतात. १३०० गुणिले आठ म्हणजे १०,४००, आणि त्याला शंभराने भागले की १०४ सेकंद. हा त्याचा पाच किलोमीटरचा लॅप. याच वेगाने २०० मीटरला ५२ सेकंद, ८०० मीटरला ३:२८, १००० मीटरला ४:२० आणि १२०० मीटरला ५:१२ लागतात. पुढचे सगळे हिशेब याच धावपटूवर बेतलेले आहेत.

गणित सोपे आहे. चूक होते ती बहुधा त्यात घातलेल्या आकड्यात. वेळ प्रत्यक्ष शर्यतीतली हवी, गेल्या चार-सहा आठवड्यांतली हवी आणि नीट मोजलेल्या अंतरावरची हवी. रस्त्यावरच्या शर्यतीत मनगटावरचे जीपीएस घड्याळ अनेकदा पाच किलोमीटरऐवजी ५.०८ किलोमीटर दाखवते, कारण वळणांवर धावपटू सर्वांत जवळची रेषा धरत नाही आणि उपग्रहाच्या मोजणीतही थोडी चूक असते. तेच घड्याळ मग सरासरी पेस ४:२० ऐवजी ४:१६ सांगते. हा पेस धरला, तर लॅप १०४ ऐवजी साधारण १०२.४ सेकंदांचा होतो. आयोजकांनी अंतर काटेकोर मोजले असेल, तर अधिकृत अंतर आणि अधिकृत वेळ हीच जोडी वापरावी, कारण ट्रॅकवर खुणा पक्क्या असतात आणि तिथे घड्याळाने वाढवलेले ऐंशी मीटर कोणी बहाल करत नाही. हंगामाच्या अखेरीस गाठायची असलेली स्वप्नातली वेळ तर या हिशेबात अजिबात आणू नये. रिपीटचा वेग आजच्या शरीरासाठी ठरवायचा असतो.

आता प्रश्न उरतो, सगळे रिपीट याच १०४ सेकंदांच्या लॅपने धावायचे का. तसे केले तर काम अर्धेच होते. २०० मीटर ५२ सेकंदांत धावून दोन मिनिटे थांबणाऱ्या या धावपटूला कसलाच ताण जाणवणार नाही. उलट १६०० मीटरचे चार रिपीट याच वेगाने काढायचे म्हटले, तर ६४०० मीटर होतात, म्हणजे शर्यतीपेक्षा जास्त अंतर शर्यतीच्या वेगाने. मधल्या विश्रांतीने ते जमेलही, पण दोन दिवस पाय उचलणार नाहीत. म्हणून लहान रिपीट थोडे जलद आणि मोठे थोडे सावकाश धावायचे. किती जलद आणि किती सावकाश, हे ठरवायला शर्यतींच्या वेळांमध्ये दिसणारा एक नियम कामी येतो.

अमेरिकी अभियंता पीटर रीगल यांनी १९७७ मध्ये ‘रनर्स वर्ल्ड’ या मासिकात आणि पुढे १९८१ मध्ये ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये हा नियम मांडला. अंतर ज्या पटीत वाढते, त्या पटीचा १.०६ वा घात घेतला, की वेळ किती पटींनी वाढेल ते कळते. ही घाताची भाषा बाजूला ठेवली, तर अर्थ असा होतो: शर्यतीचे अंतर दुप्पट झाले, की सरासरी पेस साधारण सव्वाचार टक्क्यांनी मंदावतो. आपल्या धावपटूचा पाच किलोमीटरचा लॅप १०४ सेकंदांचा असेल, तर त्याचा दहा किलोमीटरचा लॅप १०८ सेकंदांच्या थोडा वर जातो. उलट दिशेने गेले, तर तीन हजार मीटरचा लॅप सुमारे १०१ सेकंदांचा आणि पंधराशे मीटरचा सुमारे ९७ सेकंदांचा येतो.

ब्रिटिश प्रशिक्षक फ्रँक हॉरविल यांनी हेच आणखी सुटसुटीत करून सांगितले. १९६३ मध्ये ब्रिटिश माइलर्स क्लब सुरू करणाऱ्या हॉरविल यांच्या मते शर्यतीचे अंतर दुप्पट झाले, की लॅपमागे चार सेकंद वाढतात. तीन हजारावरून पाच हजारावर जाणे पुरते दुप्पट नाही, पण व्यवहारात तीही एक पायरीच धरली जाते. म्हणजे आपल्या धावपटूसाठी पंधराशेचा लॅप ९६, तीन हजारचा १००, पाच हजारचा १०४ आणि दहा हजारचा १०८. रीगल यांच्या नियमाशी ताडून पाहिले, तर एकेका सेकंदाचाच फरक पडतो.

दोन्ही नियम इतके जुळतात, याचे कारण या धावपटूच्या वेगात आहे. १०० सेकंदांच्या आसपासच्या लॅपचे सव्वाचार टक्के म्हणजे चार सेकंदच. वेग बदलला, की चार सेकंदांचा नियम डगमगतो. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला ५००० मीटर १३:१८.९२ मध्ये धावले. त्याचा सरासरी लॅप ६३.९ सेकंदांचा होता. त्यातून दोन पायऱ्या, म्हणजे आठ सेकंद वजा केले, तर पंधराशे मीटरची वेळ ३:३० च्या आत येते. जिनसन जॉन्सनने २०१९ मध्ये बर्लिनला पंधराशे मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला, तो ३:३५.२४ चा होता. साबळेच्या वेगाला पायरी चारऐवजी अडीच-पावणेतीन सेकंदांची धरावी लागते. दुसऱ्या टोकाला पाच किलोमीटरला ३० मिनिटे घेणारा धावपटू आहे. त्याचा लॅप १४४ सेकंदांचा, आणि दहा किलोमीटरसाठी त्याला चार नव्हे तर सहा सेकंद जोडावे लागतात. म्हणून सेकंद पाठ करण्यापेक्षा टक्का लक्षात ठेवणे बरे.

या नियमाचा गैरवापर मात्र सर्रास होतो. १००० मीटरचे रिपीट धावायचे आहेत, म्हणून सूत्रात थेट १००० मीटर घातले, तर आपल्या धावपटूला उत्तर मिळते ३:५६. हे उत्तर रिपीटचे नाही. एकदाच, जीव तोडून १००० मीटर धावले, तर साधारण किती वेळ लागेल, हे ते सांगते. तीन मिनिटांच्या विश्रांतीवर असे पाच रिपीट धावणे कोणालाही शक्य नाही. दुसऱ्यातच पाय जड होतील. त्याचे खरे लक्ष्य आहे ४:२०, म्हणजे तब्बल २४ सेकंद सावकाश. २०० मीटर सूत्रात घातले, तर उत्तर आणखी फसवे येते, कारण हा नियम साधारण साडेतीन मिनिटांहून लांबणाऱ्या शर्यतींवर उभा आहे. वेगधावेला तो लागूच होत नाही. क्रम असा ठेवावा: आधी कोणत्या शर्यतीच्या वेगाने धावायचे ते ठरवायचे, सूत्राने त्या शर्यतीचा लॅप काढायचा आणि मग रिपीटच्या लांबीप्रमाणे साधा गुणाकार किंवा भागाकार करायचा. रिपीटची लांबी सूत्रात शिरता कामा नये.

कोणत्या लांबीला कोणत्या शर्यतीचा वेग, याचे उत्तर त्या रिपीटकडून काय हवे आहे यावर अवलंबून असते. २०० आणि ४०० मीटरचे रिपीट पंधराशेच्या वेगाने धावले जातात. त्यांचा हेतू पाय जलद आणि हलके चालवणे हा असतो, दमणे हा नसतो. म्हणून विश्रांती भरपूर असते, धावायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक. आपल्या धावपटूला २०० मीटरसाठी ४८ सेकंद आणि त्यानंतर २०० मीटर अगदी सावकाश जॉगिंग. ४०० ते ६०० मीटर तीन हजारच्या वेगाने जमतात. त्याचे ६०० मीटर मग साधारण २:३१ मध्ये येतात. ८०० ते १२०० मीटर हा पाच हजारच्या वेगाचा पट्टा आहे. त्याहून लांब, म्हणजे १६०० किंवा २००० मीटर धावायचे असतील, तर दहा किलोमीटरचा वेग घ्यावा. त्याच्या १६०० मीटरची वेळ ६:५६ ऐवजी साधारण ७:१३ होते.

मधल्या पट्ट्यावर थोडे थांबायला हवे, कारण पाच किलोमीटरच्या तयारीचा गाभा तिथे आहे. साधारण वीस मिनिटांची शर्यत धावणारा माणूस शरीराच्या प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या सुमारे ९५ टक्क्यांवर असतो. पण रिपीट सुरू झाल्याबरोबर शरीर त्या पातळीला पोहोचत नाही. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांना तिथवर यायला दीड-दोन मिनिटे लागतात. रिपीट दोन मिनिटांतच संपला आणि मग लांब विश्रांती मिळाली, तर त्या पातळीवर जेमतेम काही क्षण घालवले जातात. तीन ते पाच मिनिटांच्या रिपीटमध्ये मात्र उरलेला सगळा वेळ उपयोगी पडतो. पाच मिनिटांपुढे गेले, की थकवा फायद्याहून वेगाने वाढू लागतो. अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनीही अशा रिपीटसाठी पाच मिनिटांचीच मर्यादा घातली आहे.

याचा अर्थ रिपीटची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असली, तरी ती मिनिटांत निवडायला हवी. १२०० मीटरचे रिपीट साबळेच्या ५००० मीटरच्या वेगाने ३:१२ मध्ये संपतात. आपल्या धावपटूला त्यासाठी ५:१२ लागतात, म्हणजे तो मर्यादेच्या किंचित पुढे जातो. त्याच्यासाठी १००० मीटर अधिक चांगले. पाच किलोमीटरला ३० मिनिटे घेणाऱ्याला मात्र १२०० मीटरसाठी ७:१२ लागतात. लक्ष्यवेळ सूत्राप्रमाणे अचूक काढली, तरी त्याच्यासाठी तो व्यायाम वेगळाच होतो, जवळजवळ छोट्या शर्यतीसारखा. त्याने ८०० मीटर ४:४८ मध्ये धावावेत. एकाच गटातल्या सगळ्यांना फळ्यावर एकच लांबी लिहून देण्याची पद्धत सोयीची असली, तरी मागच्या धावपटूंवर तिचा अन्याय होतो.

लक्ष्यवेळेची दुसरी बाजू म्हणजे विश्रांती. ४०० मीटरला १०४ सेकंद हे लक्ष्य एकटे पाहिले, तर ते सोपे आहे. पण बारा रिपीट आणि मध्ये फक्त एक मिनिट जॉगिंग असेल, तर प्राणवायूची मागणी फारशी खाली येत नाही आणि शेवटचे चार रिपीट शर्यतीच्या चौथ्या किलोमीटरसारखे वाटू लागतात. तेच ४०० मीटर ९७ सेकंदांत धावायचे असतील, तर तीन मिनिटांची विश्रांती लागते आणि संख्याही सहा-आठवर आणावी लागते. म्हणून वहीत नुसते ‘४०० – १०४’ असे लिहिलेले अपुरे असते. शेजारी विश्रांती लिहिली नाही, तर तो व्यायाम नेमका कोणता होता हे पुढच्या महिन्यात कळत नाही. रिपीट सोपे जाऊ लागले, तर बहुतेक जण लक्ष्यवेळ कमी करतात. पाच किलोमीटरच्या वेगाच्या रिपीटमध्ये आधी विश्रांती कमी करणे अधिक योग्य, कारण शर्यतीत विश्रांती शून्य असते. वेग बदलायचा, तो नव्या शर्यतीच्या वेळेवरून.

आपल्या धावपटूची एक सकाळ अशी असेल: दोन-तीन किलोमीटर सावकाश धावणे, शरीर मोकळे करणे, शंभर मीटरच्या चार-पाच सैल धावा आणि मग १००० मीटरचे पाच रिपीट, प्रत्येकी ४:२०, मध्ये ४०० मीटर जॉगिंग, साधारण तीन मिनिटांत. १००० मीटर म्हणजे अडीच लॅप, म्हणून सुरुवात अंतिम रेषेच्या समोरच्या बाजूला २०० मीटरच्या खुणेवरून करायची आणि शेवट अंतिम रेषेवर. घड्याळ दर २०० मीटरला पाहायचे: ५२, १:४४, २:३६, ३:२८, ४:२०. जीपीएसचा तात्कालिक पेस ट्रॅकच्या वळणांवर भरवशाचा नसतो. जमिनीवरची खूण आणि साधे स्टॉपवॉच पुरते.

पहिल्या रिपीटचे पहिले २०० मीटर ४७ सेकंदांत निघून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. ताज्या पायांना ५२ सेकंद लाजिरवाणे सावकाश वाटतात. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. समजा वेळा अशा आल्या: ४:१२, ४:१५, ४:२२, ४:३१, ४:३८. पहिले दोन पाहून धावपटू खूश होतो, पण पाचांची सरासरी जवळजवळ ४:२४ येते, म्हणजे ठरवल्यापेक्षा चार सेकंद सावकाश. शिवाय शेवटच्या दोन रिपीटमध्ये खांदे वर चढलेले आणि पाऊल आखडलेले असते. पाच रिपीट ४:१८ ते ४:२२ च्या दरम्यान आले आणि शेवटचा पहिल्याइतकाच किंवा किंचित जलद असला, तर लक्ष्य बरोबर होते. सगळे ठरल्याप्रमाणे येऊनही सहावा जमेल असे वाटणे, ही त्याची आणखी एक खूण. एखादा रिपीट सात-आठ सेकंदांनी घसरला आणि जास्त विश्रांती देऊनही पुढचा सावरला नाही, तर तिथेच थांबावे. उरलेले रिपीट ओढून काढण्यात पाच किलोमीटरच्या वेगाचा सराव राहिलेला नसतो.

वेळा सतत चुकत असतील, तर दोष दरवेळी धावपटूचा नसतो. जानेवारीतल्या पहाटे धावलेल्या शर्यतीवरून काढलेले लक्ष्य एप्रिलच्या सकाळी आठ वाजता, किंवा किनारपट्टीच्या दमट हवेत, तेवढ्याच श्रमात गाठता येत नाही. घाम काढून शरीर थंड ठेवण्यात रक्त खर्ची पडते आणि स्नायूंना कमी मिळते. अशा दिवशी पहिले दोन रिपीट नेहमीच्या श्रमाने धावून त्यांची जी वेळ येईल, तीच त्या दिवसाची लक्ष्यवेळ समजावी.

नियमाचीही एक मर्यादा आहे. १.०६ हा अनेक धावपटूंच्या वेळांमधून निघालेला सरासरी आकडा आहे. कोणाचा पेस अंतराबरोबर कमी मंदावतो, कोणाचा जास्त. समजा, आपल्या धावपटूने शाळा-कॉलेजात ४०० मीटर धावलेले आहेत आणि अलीकडेच त्याने पंधराशे मीटर ५:५२ मध्ये पूर्ण केले. त्याचा लॅप सुमारे ९४ सेकंदांचा निघतो, नियमाने सांगितलेल्या ९७ पेक्षा तीन सेकंद जलद. अशा धावपटूने २०० मीटरचे लक्ष्य ४८ ऐवजी ४७ घ्यावे, पण त्याच वेळी मोठ्या रिपीटबाबत उलट दिशेने सावध राहावे. अंतर वाढले, की त्याचा पेस सव्वाचार टक्क्यांऐवजी सहा टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणून दहा किलोमीटरचा लॅप १०८ नव्हे, ११० धरावा आणि १६०० मीटरला ७:२० द्यावेत. वर्षानुवर्षे लांब पल्ला धावलेल्या आणि वेगाचा कधी सराव न केलेल्या मॅरेथॉनपटूचे बरोबर याच्या उलट असते. त्याला २०० मीटर ४८ मध्ये जमत नाहीत आणि १६०० मीटर ७:१३ सहज वाटतात. म्हणून पाच किलोमीटरच्या जोडीला आणखी एका अंतराची ताजी वेळ हाती असेल, तर सूत्रापेक्षा त्या दोन वेळांवर विश्वास ठेवावा.

शेवटी ट्रॅक. चारशे मीटर हे अंतर पहिल्या लेनचे आहे, तेही आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजलेले. दुसऱ्या लेनमध्ये पूर्ण फेरी सुमारे ४०७ मीटरची होते आणि चौथ्या लेनमध्ये सुमारे ४२२ मीटरची. गर्दीच्या सकाळी चौथ्या लेनमधून पूर्ण लॅप मारून १०४ सेकंद गाठले, तर प्रत्यक्षात ९८.५ सेकंदांच्या वेगाने धावणे होते. तिथे बरोबरीची वेळ ११० सेकंदांच्या जवळ आहे. सिंथेटिक ट्रॅक नसलेल्या गावांत चुन्याच्या रेषा आखलेली मुरमाची किंवा गवताची मैदाने वापरली जातात, आणि त्यांची फेरी अनेकदा ३०० किंवा २०० मीटरची असते. ३०० मीटरच्या फेरीला आपल्या धावपटूचे लक्ष्य ७८ सेकंद. मैदान मोजलेले नसेल, तर आतल्या रेषेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून, पावले जिथे पडतात तिथूनच, टेप किंवा मोजणीचे चाक फिरवून एकदा अंतर काढून घ्यावे. आतल्या रेषेपासून एक मीटर जास्त बाहेरून धावले, की मैदान कितीही लहान असो, प्रत्येक फेरीत सव्वासहा मीटर वाढतात. आपल्या धावपटूच्या वेगाला ते दीड सेकंदाहून थोडे अधिक भरतात.